तारीख कोठे शे?

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये आस्थापना आणि पगारपत्रक माझ्याकडे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या स्टोअरच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. त्यांचं काम डिस्पॅचच्या क्लार्ककडे सोपवायचं ठरलं, वर महिना ३००० रुपये भत्ता. मी जुनं पत्र काढलं, नाव बदललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

त्यानं ते दोनदा वाचलं, पेन खाली ठेवलं. "भाऊ, तारीख कोठे शे?"

पत्रात होतं, 'पुढील आदेशापर्यंत'. मला जरा राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वजनकाट्यावरच्या एकाला याच शब्दांत जादा काम दिलं होतं. मूळ माणूस परत आला, पण 'पुढील आदेश' काढायचं कुणालाच सुचलं नाही. भत्ता चार महिने चालूच राहिला. हिशेब तपासणीत ते निघालं आणि ८००० रुपये एकाच पगारातून कापले गेले. तो माणूस अजून माझ्याशी धड बोलत नाही. कापणारा हात माझाच होता ना!

मग पत्र नव्यानं लिहायला बसलो. रजा २६ आठवड्यांची, म्हणजे १८२ दिवस. ५ ऑगस्टपासून मोजले तर शेवटचा दिवस २ फेब्रुवारी. दोन्ही तारखा पहिल्याच ओळीत घातल्या. पण बाई आधी हजर झाल्या तर? म्हणून पुढे लिहिलं, 'अथवा त्या कामावर रुजू होतील त्याच्या आदल्या दिवसापर्यंत, यापैकी जे आधी घडेल ते'. मुदत वाढवायची झाली तर नवं पत्र निघेल, तोंडी चालणार नाही. भत्ता पगारपत्रकात वेगळ्या रकान्यात दिसेल, मूळ पगारात मिसळणार नाही, अर्धवट महिन्याचा दिवसांच्या हिशेबानं मिळेल. डिस्पॅचचं त्याचं मूळ पद तसंच राहील आणि स्टोअरच्या जागेवर त्याचा हक्क लागणार नाही, हेही घातलं. हे वाक्य त्याला आवडलं नाही, पण मालकांना तेवढंच महत्त्वाचं वाटत होतं.

सही करताना त्यानं आणखी एक मागितलं: ताबा घेण्याआधी माल मोजायचा. बेअरिंग, पट्टे, चाळण्या, बारदान. मोजणीला अख्खा दिवस गेला. यादीवर बाईंची आणि त्याची सही घेतली, ती पत्राला जोडली. ऑगस्टचे २७ दिवस भरले, भत्ता झाला २६१३ रुपये.

बाई १३ जानेवारीलाच हजर झाल्या. मी आदल्या दिवसापर्यंतचे १२ दिवस धरले, ११६१ रुपये. तो घडी घातलेलं पत्र खिशात घेऊनच आला होता. ओळ दाखवायची वेळ आली नाही. फक्त परतीच्या मोजणीत बारदानाचा एक गठ्ठा जास्त निघाला. तो कुठून आला, यावर दोघांची अजून जुंपते.