जुन्याशी तंतोतंत जुळणारा टायर

मे महिन्यातली दुपार. इंदुरात त्या वेळेला सियागंजच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुकानात मी एकटाच होतो. काऊंटरवर फोन वाजला आणि दोन फोटो आले. खाली एकच ओळ: "दादा, जुना हा, नवा हा. बरोबर आहे ना?"

पाठवणाऱ्या काकू आमच्या ओळखीच्या. सुदामानगरात त्यांचं केटरिंग आहे, मुंजी-बारशांची कामं घेतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ओंकारेश्वरला एका मुंजीचा स्वयंपाक होता. व्हॅनच्या मागच्या डाव्या टायरला फुगा आला होता, म्हणून ड्रायव्हर घराजवळच्या दुकानात गेला. तिथे जुन्यासारखाच टायर मिळाला. पैसे देण्याआधी काकूंनी मला विचारलं.

दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. जुन्यावर धूळ होती, तरी अक्षरं लागत होती: 155/80 R13 79T. नव्यावरही तेच, अक्षर न् अक्षर. रुंदी १५५ मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी, १३ इंची रिम, भार निर्देशांक ७९ आणि वेगाचं अक्षर टी, म्हणजे ताशी १९० किलोमीटर. जुळवायला काहीच उरलं नव्हतं. मी "हो" टाइप केलं होतं, पाठवायचं तेवढं बाकी होतं.

थांबलो ते फोटोच्या कडेमुळे. टायरच्या वर चाकाच्या कमानीचा पांढरा पत्रा दिसत होता, त्याच्याही वर सरकतं दार अर्धं उघडं. आत सीट नव्हती. एकावर एक रचलेली पातेली आणि लाल सिलिंडरचा खालचा कडा तेवढा दिसत होता. म्हणजे ही माल वाहणारी व्हॅन. आणि टायरवर लिहिलेला ७९ हा आकडा माणसांच्या गाडीचा.

७९ निर्देशांकाचा टायर जास्तीत जास्त ४३७ किलो पेलतो. हा कंपनीगणिक बदलणारा आकडा नाही, सगळ्या टायरवाल्यांचा तक्ता एकच असतो. लहान माल-व्हॅनला याच मापाच्या जवळचा दुसरा टायर लागतो. त्याच्यावर तिरप्या रेघेपुढचे ८० नसतात, नुसतं 155 R13 असतं आणि पुढे एलटी, म्हणजे लाइट ट्रक. जुन्या रिवाजाप्रमाणे उंचीचा आकडा लिहिला नसेल तर ती साधारण ऐंशीच्या आसपास धरायची. त्यामुळे दोन्ही टायर एकाच रिमवर बसतात, उंचीतही जवळपास सारखेच, शेजारी उभे केले तर गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. चूक होते ती इथेच. जो टायर बसतच नाही, त्याने कुणाचं वाईट होत नाही, तो दुकानातून बाहेरच जात नाही. हा मात्र छान बसतो.

"हो" पुसलं आणि फोन लावला.

"काकू, पैसे देऊ नका अजून. मला आणखी तीन फोटो हवेत. पुढच्या टायरवरची अक्षरं, ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेला स्टिकर, आणि ह्याच जुन्या टायरवरची आयएसआयची खूण. अक्षरं आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगा."

"अरे, पण साइज तर तोच आहे ना? मी स्वतः चष्मा लावून पाहिलंय."

"साइज तोच आहे, काकू. पण जुनाच चुकीचा असेल तर?"

पाच मिनिटांनी फोटो आले. पुसलेल्या पुढच्या टायरवर स्वच्छ दिसत होतं: 155 R13 LT 90/88 8PR. स्टिकरवर चारही चाकांना हेच माप, आणि भरल्या गाडीत मागच्या चाकांना पुढच्यांपेक्षा जास्त हवा. म्हणजे पुढची जोडी बरोबर होती, मागची दोन्ही चाकं कुणीतरी आधीच बदललेली. काकूंनी व्हॅन दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली होती आणि मागचे टायर तेव्हापासूनच तसे होते. घराजवळच्या दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्याच्यासमोर जो टायर आला तसाच त्याने दिला.

९०/८८ या जोडआकड्यात पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, म्हणजे ६०० किलो. दुसरा एका बाजूला दोन-दोन चाकं जोडलेली असतील तेव्हाचा, ५६० किलो. आपल्या व्हॅनला पहिलाच लागू. आठ पीआर म्हणजे टायरच्या आत आठ थर आहेत असं मुळीच नाही, पूर्वीच्या आठ सुती थरांइतकी ताकद, एवढाच त्याचा अर्थ.

आयएसआयच्या खुणेने उरलेली शंका फेडली. त्या खुणेच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक असतो. मोटारगाडीच्या टायरवर IS 15633 आणि मालवाहू गाडीच्या टायरवर IS 15636. जुन्या टायरवर शेवटी ३३ होतं. माप झिजलेलं असलं किंवा फोटोत अर्धं कापलं गेलं, तरी हा क्रमांक दिसला की टायर कोणत्या घरातला ते कळतं. म्हणून मी तो हमखास मागवतो.

काकू मात्र अडून होत्या, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. "दोन वर्षं चाललेच ना हे टायर? आणि चार चाकांचे मिळून किती होतात बघ. चार गुणिले ४३७, सतराशेच्या वर. माझ्या आरसीवर भरल्या गाडीचं वजन १,५४० आहे. मी त्याच्यावर कधीच भरत नाही."

हिशोब बरोबर होता. पण वजन चार चाकांवर सारखं वाटलं जात नाही. व्हॅन दुसऱ्या दिवसासाठी भरूनच ठेवली होती, म्हणून म्हटलं, ड्रायव्हरला तशीच धर्मकाट्यावर पाठवा. आधी सगळी गाडी चढवायची, मग पुढची चाकं काट्याबाहेर काढून फक्त मागची दोन ठेवायची. दोन पावत्या घ्यायच्या.

पाऊण तासाने पावत्यांचे फोटो आले. सगळी गाडी १,५०० किलो. मागची दोन चाकं ९४०.

९४० चे निम्मे ४७०. टायरची ताकद ४३७. कागदावरच्या मर्यादेत असलेल्या गाडीचा मागचा प्रत्येक टायर तेहतीस किलो जास्त उचलत होता, तेही दोन्ही बाजूंना भार सारखा धरला तर. मी विचारलं, सिलिंडर आणि पाण्याचे ड्रम कुठल्या बाजूला असतात? "डावीकडे. सरकतं दार तिकडे आहे म्हणून." फुगा डाव्याच टायरला आला होता. खड्ड्यात चाक आपटलं की टायरच्या भिंतीतले धागे रिम आणि दगडाच्या मध्ये चिरडून तुटतात, मग तेवढ्या जागी हवा फक्त रबर अडवून धरतं. जास्त भाराने टायर आधीच दबलेला असेल तर लहानसा खड्डाही पुरतो. त्या फोटोतला फुगा लिंबाएवढा होता.

ड्रायव्हर मधूनच फोनवर आला. गाडी मागून बसते म्हणून तो मागच्या टायरमध्ये हवा वाढवून घ्यायचा, स्टिकरवर लिहिली आहे तेवढी. त्याने स्टिकर वाचला, हे चांगलंच केलं. पण ती हवा एलटी टायरसाठी सांगितलेली. साध्या टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत त्याची स्वतःची कमाल हवा लिहिलेली असते, आणि तिच्यावर कितीही भरली तरी ४३७ चे ४७० होत नाहीत. गाडी उभी दिसते, टायर मात्र आणखी ताणला जातो.

मला काळजी होती ती भेरूघाटाची. ओंकारेश्वरचा रस्ता सिमरोळहून पुढे घाटातून उतरतो. उतारावर ब्रेक, वळणात भार बाहेरच्या चाकावर, आणि तापलेलं डांबर. जास्त भाराने दबलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि आतून तापतो. फुगा आलेला टायर त्या रात्री बदलणारच होता. पण उजवा वरून धडधाकट दिसत होता, आणि काकूंचा विचार एकच टायर घ्यायचा होता.

मी स्पष्टच सांगितलं, "काकू, एक घेऊ नका. एका आसावर एक एलटी आणि एक साधा असं ठेवायचं नाही. दोघांची भिंत वेगळी, हवा वेगळी, गाडी ओढल्यासारखी होईल. आणि उजव्याचाही आकडा ७९ च आहे. दोन्ही एलटी घ्या. माझ्याकडून नाही घेतले तरी चालेल, पण भिंतीवर एलटी आणि ९०/८८ वाचल्याशिवाय रिमवर चढवू देऊ नका."

थोडा वेळ पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "पाठवते गाडी. संध्याकाळी चहाला थांबशील ना?"

साडेसातला व्हॅन आली. माल उतरवून जॅक लावला. डावा टायर रिमवरून काढून उलटा केला आणि आत हात फिरवला. फुग्याच्या जागी आतल्या बाजूला एक आडवी घडी बोटाला लागत होती, बोटभर लांब. ड्रायव्हरलाही हात लावायला लावला. मग उजवा काढला. बाहेरून निर्दोष होता, पण आत भिंतीच्या कडेने काळी भुकटी जमली होती, पेन्सिलीच्या शिशासारखी हाताला लागणारी. टायर दबून चालला की आतलं रबर असं झिजतं. फोटोत हे कधीच दिसलं नसतं. उजव्याबद्दल मी जे सांगितलं ते निव्वळ आकड्यावरून, आतली खात्री तेव्हा पटली.

नवी जोडी चढवली, व्हॉल्व्हही नवे टाकले, कारण जास्त हवेला जुना रबरी व्हॉल्व्ह नको. हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. सिलिंडर डावीकडे आणि ड्रम उजवीकडे बांधायला सांगितलं.

रात्री दहाला काकूंचा आणखी एक फोटो आला. व्हॅनखाली टॉर्च धरून काढलेला, स्टेपनीचा. अक्षरं ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती. "दादा, ही बरोबर आहे ना?"

155 R13 LT 90/88 8PR. माप बरोबर. मग बाजूच्या लंबगोलातले चार आकडे शोधले, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. अकरा वर्षांपूर्वीची स्टेपनी होती, खोबणींच्या तळाशी केसासारख्या चिरा पडलेल्या. मी लिहिलं, "माप बरोबर आहे, टायर जुना झालाय. पंक्चर झालंच तर हळू चालवत जवळच्या दुकानापर्यंतच जायचं, घाट उतरायचा नाही. मुंजीहून आल्यावर बदलू."

"बरं," त्यांचं उत्तर आलं. "पहाटे चारला निघतोय."