तुम्ही विचारलंत म्हणून: तीन ओळींच्या शुभेच्छा

“एवढी जिवाभावाची मैत्रीण, आणि तिच्या वाढदिवसाला तीनच ओळी? वर ‘उत्तर देऊ नकोस’ म्हणून बजावायचं?”

माझी ही मैत्रीण नुकतीच बाळंत झाली आहे. तिला पाठवलेल्या त्या ओळी आधी जशाच्या तशा देते: “चिमणे, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा. आज दिवसभर तू मनात आहेस. याला उत्तर द्यायचं नाही, अंगठासुद्धा नाही.”

तान्हे मूल दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. पाजणे, ढेकर काढणे, दुपटे बदलणे आणि निजवणे यांतून पुढच्या रडण्यापर्यंत जो काही वेळ उरतो, त्यातच आईची अंघोळ, जेवण आणि झोप बसवायची असते. वाढदिवसाच्या दिवशी नेमक्या त्याच वेळावर सगळे नातेवाईक आणि सगळे ग्रुप येऊन पडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या बाळंतपणानंतरचा वाढदिवस माहेरी, टाके ओले असताना आला. माझ्या एका फार जवळच्या मैत्रिणीने त्या दिवशी लांबलचक आणि खरोखर सुंदर मेसेज पाठवला. त्यात आमच्या हॉस्टेलच्या आठवणी होत्या आणि शेवटी बाळ कोणासारखे दिसते, रात्री झोपू देते का, नाव काय ठरले, बारसे कधी, फोटो का पाठवला नाहीस, अशी प्रेमाने केलेली चौकशी होती. मी तो मध्यरात्री पाजताना वाचला आणि मला रडू आले. इतक्या मायेने लिहिलेल्याला नुसते “थँक्यू” कसे म्हणायचे, म्हणून नीट लिहू या विचाराने मी उत्तर बाजूला ठेवले, पण वाचल्याच्या निळ्या खुणा तिच्याकडे पोहोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी “वाचलंस ना?” असे आले. त्या रात्री उजव्या हातावर मुलगी आणि डाव्या अंगठ्याने टाइप करणे, अशा अवस्थेत चार वाक्ये जुळवली, तोच फोन निसटून पाळण्याच्या कडेवर आपटला आणि नुकतीच डोळा लागलेली पोर किंचाळून उठली. पुढे आठवडाभराने तिचा एकच मेसेज आला: “मूल झालं की माणसं बदलतात.” ती बारशाला आली नाही. आता आम्ही लग्नकार्यात भेटतो, एकमेकींच्या साडीचे कौतुक करतो आणि आपापल्या पंगतीला जाऊन बसतो.

तिचा दोष होता असे मी आजही म्हणत नाही. मूल होण्यापूर्वीची मी नेमका तसाच मेसेज लिहिला असता, आणि ती मी आजच्या मला विचारते की चौकशीच केली नाही, तर त्या प्रेमाला प्रेम तरी का म्हणायचे? तिला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

म्हणून या तीन ओळींवर मी तुम्हाला वाटतो त्याहून अधिक वेळ घालवला. “सवडीने उत्तर दे” असे आधी लिहिले होते. पण त्याने देणे फिटत नाही, फक्त मुदत वाढते, म्हणून ते खोडले. “काही लागलं तर सांग” हेही काढले, कारण काय लागते ते आठवायचे, कोणाला सांगायचे ते ठरवायचे आणि वर संकोच गिळायचा, ही तीन कामे तिच्याच माथी येतात. दाराशी पोळीभाजीचा डबा ठेवते, असे लिहिण्याचा मोह झाला होता, परंतु आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत आणि ती त्यातली आहे. बाळाचा उल्लेख मुद्दाम टाळला. सगळे जण त्याचीच विचारपूस करत असताना हा एक दिवस तिचा होता. आवाजी मेसेज नको, कारण तो ऐकायला निजलेल्या बाळापासून दूर जावे लागते. रात्री बाराचा मुहूर्तही नको. मजकूर इतका आखूड ठेवला, की फोन न उघडता पडद्यावरच वाचून व्हावा आणि वाचल्याची खूणही उमटू नये.

यात एक धोका आहे, तोही सांगते. एखादीला बोलायलाच कोणी नसेल, तर “उत्तर नको” हे तिला दार लावून घेतल्यासारखे वाटू शकते. बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस उगाच रडू येणे सर्रास असते. ते दोन आठवड्यांपलीकडे टिकले, तर मेसेजवर भागवायचे नसते, प्रत्यक्ष जायचे असते आणि डॉक्टरांना दाखवायचे असते. माझ्या मैत्रिणीजवळ तिची आई आहे, नवरा रात्री उठतो, आणि ती थकलेली असली तरी खचलेली नाही, हे तिच्या आईकडून मला ठाऊक होते. ते ठाऊक नसते, तर या ओळी मी पाठवल्या नसत्या.

तिचे उत्तर आलेले नाही. मी त्या रात्री दोनदा फोन पाहिला, हे मात्र तुमच्यापासून लपवत नाही.