पहिलीच्या पालकसभेतला ताणकाटा

शाळा उघडण्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही पहिलीच्या नव्या पालकांना बोलावतो. मुलं शेजारच्या वर्गात बाईंबरोबर मातीकाम करत होती आणि हॉलमध्ये आई-बाबा, आजी-आजोबा बसले होते. मुख्याध्यापिका म्हणून स्वागताचं बोलायचं होतं. टेबलावर हारतुऱ्यांऐवजी मी ताणकाटा ठेवला होता, आपण प्रवासाची बॅग लटकवून तोलतो तो.

"या, तुमचं मनापासून स्वागत," मी म्हटलं, "आणि आधी एक दप्तर तोलू या." पहिल्या रांगेतल्या एका आईंनी हौसेनं नवं दप्तर भरून आणलं होतं, तेच मागून घेतलं. काटा 3 किलो 100 ग्रॅमवर थांबला. त्यांचं लेकरू 18 किलोचं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं हा नियम आहे, म्हणजे त्याच्यासाठी मर्यादा 1 किलो 800 ग्रॅम.

मग एकेक वस्तू बाहेर काढून तोलली. रिकामं दप्तरच 750 ग्रॅम भरलं, कारण आत जाड फोम आणि पुढे कार्टूनचा कडक पत्रा होता. एक लिटरची स्टीलची बाटली पाण्यासकट 1 किलो 350 ग्रॅम. डबा 450, दोन वह्या 300, चुंबकाची कंपासपेटी 250. पुस्तक तर त्यात नव्हतंच! जवळजवळ निम्मं ओझं पाण्याच्या बाटलीचं निघालं, हे पाहून हॉलमध्ये कुजबूज झाली. शाळेत गाळलेलं पाणी आहे, बाटली रिकामी झाली की बाई भरून देतात. तेव्हा अर्ध्या लिटरची हलकी बाटली पुरे. साधं कापडी दप्तर, छोटा डबा, एक वही आणि कंपासपेटीऐवजी पाऊच घेतला तर तेच ओझं दीड किलोच्या आसपास येतं. पुस्तकं वर्गातल्या कपाटात राहतील. जड दप्तर घेतलेलं मूल पुढे वाकून चालतं किंवा पट्टे अंगठ्यांनी ओढून धरतं. घरी येताना तसं दिसलं तर त्याच दिवशी दप्तर उपसून पाहा.

दुसरी गोष्ट फाटकावरच्या निरोपाची. हे सांगताना माझा आवाज मुद्दाम सावकाश होतो, कारण रडं मुलांना येतं तसंच आईलाही येतं. पहिल्या आठवड्यात फाटकात बाई उभ्या असतील. मुलाचा हात बाईंच्या हातात द्या, "शाळा सुटली की मी इथेच, या झाडाखाली उभी असेन" एवढंच सांगा आणि निघा. "पाच मिनिटांत येते" असं सांगून गुपचूप सटकू नका. मूल पाच मिनिटं खरोखर वाट पाहतं, आणि दुसऱ्या दिवशी पदर सोडत नाही. खिडकीतून डोकावूही नका. शांत झालेलं मूल आई दिसली की पुन्हा हुंदके देतं आणि त्याच्याबरोबर आणखी चार जण सुरू होतात. रडं थांबेना तर आम्हीच फोन करू. सुटताना मात्र दहा मिनिटं आधीच पोचा. आपल्याला कुणी न्यायलाच आलं नाही, ही धास्ती सकाळच्या रडण्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

एका आजोबांनी विचारलं, "बाई, शेजारच्या मुलीला बाराखडी येते, आमच्या नातवाला नावही लिहिता येत नाही. मागे पडेल का?" मी जन्मतारीख विचारली. नातू डिसेंबरचा, शेजारची मुलगी त्याच वर्षीच्या जानेवारीची. आपल्या राज्यात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारं मूल पहिलीत येतं. त्यामुळे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं आणि जवळपास साडेसहाचं मूल शेजारी बसतं. या वयात अकरा महिने फार मोठे असतात, बोटांच्या ताकदीत तर लगेच दिसतात. "आजोबा, त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घेऊ नका. त्याला कणकेचे गोळे करू द्या, शेंगा सोलू द्या, शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू द्या. पेन्सिल धरायला लागतात ती हीच बोटं." पेन्सिल मुठीत घट्ट धरत असेल किंवा दाबून कागद फाटत असेल तर लिहिणं थांबवून आठवडाभर हेच करा. दिवाळीनंतरही पकड तशीच राहिली तर बाईंशी बोला, आपण मिळून पाहू.

गृहपाठाबद्दल एकच वाक्य बोलले: पहिलीला लेखी गृहपाठ नाही, रोज रात्री दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, आणि ती कुठल्या भाषेत असावी याची चिंता करू नका, घरात बोलता तीच चालेल.

सभा संपल्यावर पालक चहाला थांबले, तेव्हा काट्याजवळ रांग लागली होती. त्या पहिल्या आईंनी बाटलीतलं निम्मं पाणी दारातल्या तुळशीला घातलं आणि दप्तर पुन्हा काट्याला लावलं.