(x − 2)² आला की दुसरं समीकरण कुठून आणायचं? माझा अनुभव

नववीच्या बहुपदीच्या धड्यातली 'a आणि b काढा' ही गणितं तशी सरळ असतात. पण भाच्याला शिकवताना त्याच्या क्लासच्या नोट्समधल्या एका गणितावर आम्ही अख्खी दुपार घालवली, आणि नोट्समध्ये त्याखाली नुसतं उत्तर दिलेलं, a = −7, b = 16, बस्स. मला त्याचा अजून राग आहे. देवगडात पावसात लाईट गेलेली, नेट नाही, आणि पोरगं विचारतंय, "मावशे, दुसरा समीकरान खंय गावतला?" उत्तर छापता येतं तर दोन ओळी जास्त छापायला काय झालं होतं!

गणित असं: x³ + ax² + bx − 12 ला (x − 2)² ने निःशेष भाग जातो, तर a, b काढा.

नेहमीच्या गणितात अवयव वेगवेगळे असतात, म्हणजे (x − 2) आणि (x + 3) असे. मग एकदा x = 2, एकदा x = −3 ठेवायचं, दोन्ही वेळा किंमत शून्य, दोन समीकरणं मिळतात आणि काम झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. इथे मात्र x = 2 ठेवलं की 8 + 4a + 2b − 12 = 0, म्हणजे 2a + b = 2, आणि परत 2 ठेवलं तरी तेच समीकरण येतं. भाच्याने दोन्ही एकाखाली एक लिहून वजाबाकी केली तर 0 = 0 आलं. असं 0 = 0 आलं की समजायचं, आपण एकच माहिती दोनदा लिहिलीय.

मग तो म्हणाला, एकच समीकरण आहे तर a = 0, b = 2 का नको? चांगला प्रश्न होता. तपासून बघितलं. x³ + 2x − 12 मध्ये 2 ठेवलं तर शून्य येतं, म्हणजे (x − 2) ने एकदा भाग जातो, आणि भागाकार येतो x² + 2x + 6. त्यात परत 2 ठेवलं तर 14. म्हणजे दुसऱ्यांदा भाग जात नाही. इथेच मला वाट दिसली, कारण (x − 2)² ने भाग जाणं म्हणजे एकदा भाग दिल्यावर जो भागाकार येतो त्यालाही (x − 2) ने भाग जाणं. अवयव सिद्धांत दुसऱ्यांदा लावायचा तो मूळ बहुपदीला नाही, भागाकाराला.

तर a, b तसेच ठेवून संश्लेषक भागाकार करायचा, अक्षरांना घाबरायचं नाही. सहगुणक 1, a, b, −12, आणि बाजूला 2. खाली 1 येतो, मग a + 2, मग b + 2a + 4, आणि शेवटी बाकी, जी शून्यच असायला हवी. आता 2a + b = 2 हे आधीच मिळालंय, म्हणून b + 2a + 4 म्हणजे सरळ 6. भागाकार झाला x² + (a + 2)x + 6. यात 2 ठेवा: 4 + 2a + 4 + 6 = 0, म्हणून a = −7, आणि b = 2 + 14 = 16. भाचा ओरडलाच, इला!

खात्री करायची तर उरलेला अवयव (x − 3) निघतो, आणि −2 × −2 × −3 = −12, स्थिर पद जुळलं. ही तपासणी सगळ्याच गणितांना करा, मिनिटभर पण लागत नाही, चिन्हं चुकली असतील तर बहुतेकदा इथेच कळतं.

हां, आधी सांगायला हवं होतं, अवयव (2x − 1) असेल तर x = 1/2 ठेवायचं, 1 नाही, आणि अपूर्णांक आले की आधी सगळं समीकरण 8 ने किंवा 4 ने गुणून टाकायचं, मगच पुढे जायचं.

अकरावी-बारावीवाल्यांना विकलन येतं, त्यांनी 3x² + 2ax + b मध्ये 2 ठेवून शून्य घेतलं तरी दुसरं समीकरण मिळतं, 12 + 4a + b = 0. उत्तर तेच येतं. नववीत मात्र भागाकाराचीच वाट.

आणि मधली पदं नसतील, जसं x⁴ + ax + b ला (x + 1)² ने भाग जातो, तर सहगुणक लिहिताना 1, 0, 0, a, b असेच लिहा. ते दोन शून्य लिहायचे राहून गेले की भागाकार दुसऱ्याच बहुपदीचा होतो. नीट केलं तर a = 4, b = 3 येतं.