वीस किलोचं पाऊल

बुधवार, रात्री साडेनऊ

मोडलेल्या उजव्या घोट्याचं प्लास्टर निघून आज आठ दिवस झाले. घोट्याला आधार देणाऱ्या कडक बुटात पाय घालून टेकवायची परवानगी मिळाली खरी, पण फक्त वीस किलोची. फोनवर आई म्हणाली, "वीस किलो म्हणजे किती गं? पाय काय तराजू आहे?" बरोबर विचारलं तिने. म्हणून फिजिओ ताईंनी वजनकाट्याची युक्ती दाखवली. काट्यावर बुटातला पाय ठेवायचा, दुसऱ्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा रद्दीचा गठ्ठा, हात कुबड्यांवर. काटा विसावर येईपर्यंत हळूच भार द्यायचा आणि पायाला ते ओझं ओळखू द्यायचं. पहिल्यांदा मला वाटलं दहा असेल, काटा बत्तीस दाखवत होता.

शेजारच्या काकांचाही बाहेरचा घोटाच मोडला होता, त्यांना पहिल्या आठवड्यातच बुटात चालवलं. माझं आतल्या बाजूचं लिगामेंटही दुखावलं असेल अशी शंका होती, म्हणून सहा आठवडे पाय टेकूच दिला नाही. त्यांच्याशी तुलना करून महिनाभर उगाच कुढले.

आज चूक झाली. सकाळी पाय हलका वाटला म्हणून ओट्याशी पाऊण तास उभी राहिले. घोट्याच्या वर टेप लावला, सकाळी पंचवीस सेंटिमीटर, संध्याकाळी सत्तावीस. बोटाने दाबलं तर खळगा राहिला. इतके दिवस मी पाय समोरच्या स्टुलावर ठेवून 'वर ठेवलाय' म्हणत होते. पण स्टूल छातीपेक्षा खालीच, मग पाणी उतरणार कसं? आज आडवी पडून दोन उशा आणि एक लोड घेतला, टाच छातीच्या वर. मधूनमधून पावलाची वरखाली हालचाल केली. तासाभरात साडेपंचवीस. सकाळपर्यंत मूळ मापावर आलं नाही, तर उद्या उभं राहणं निम्मं करायचं. ही सूज अजून काही महिने येत-जात राहील असं सांगितलंय. एकाच पायाची पोटरी फुगून दुखू लागली किंवा दम लागला, तर मात्र घरी उशा रचत बसायचं नाही, लगेच दवाखाना, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.

बुटामुळे तो पाय उंच होतो, कंबर दुखायला लागली होती. दुसऱ्या पायात जाड तळाची सपात घातल्यापासून बरं आहे.

सूज उतरल्यावर खुर्चीत बसले. टाच न उचलता पाऊल मागे सरकवायचं. डावं खुर्चीखाली सहज जातं, उजवं गुडघ्याच्या रेषेतच अडतं. जिना उतरायला हीच वाकण लागते, आणि उकिडवं बसायला तर फारच. मग पलंगावर अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढली. 'ट' सोपा. 'ज्ञ'पर्यंत पोचले, पण 'ळ'ला घोटा अजून कुरकुरतो.