आमची वाटचाल : सळईच्या रेषेतली भेग

तज्ज्ञांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यातून त्यांच्या नावाने सोशल मीडियावर टाकायची कॅरोसेल, म्हणजे एकामागून एक सरकवत वाचायच्या स्लाइडच्या पोस्ट, लिहून द्यायच्या, हे आमचं काम. २०१९ मध्ये सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आम्ही ते सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे दोन रेकॉर्डर, एक जुना प्रिंटर आणि काकू एवढंच होतं. काकू कोर्टातून निवृत्त झालेल्या मराठी लघुलेखिका आणि माझ्या पहिल्या भागीदार. रेकॉर्डिंग उतरवताना त्या ‘अं’, ‘म्हणजे’, खोकला, मधलं थांबणं, सगळं लिहायच्या. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटे. वर्षभरात कळलं की तज्ज्ञ अडखळतो तिथे तो नेहमीचं पाठ वाक्य सोडून खरा विचार करत असतो. कॅरोसेलची निम्मी वाक्यं आम्हाला काकूंच्या ‘अं’च्या पुढेच सापडली.

आमचे पहिले ग्राहक स्ट्रक्चरल इंजिनिअर. जुन्या सोसायट्यांची तपासणी हे त्यांचं काम, आणि बसून बोलायला वेळ कधीच नाही. चार वेळा भेट रद्द झाल्यावर म्हणाले, “मी साताऱ्याला निघालोय, गाडीत बसा.” मी बसले आणि साताऱ्याहून एस.टी.ने परत आले. पुढची दोन वर्षं आमच्या बहुतेक मुलाखती त्याच रस्त्यावर झाल्या. एक माइक त्यांच्या कॉलरला, दुसरा रेकॉर्डर डॅशबोर्डवर, एसीचा पंखा एकवर. कात्रजच्या बोगद्यात गाडीचा घुमारा भरतो आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर हॉर्न. म्हणून महत्त्वाचा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये कधी काढायचा नाही, टोल ओलांडल्यावरच काढायचा. दोन तासांच्या प्रवासात त्यांचे फोन वगळता हाती पंचवीस-तीस मिनिटं लागत.

“भेगांबद्दल काय सांगाल?” असं विचारलं की व्याख्यान मिळतं. मी विचारलं, “गेल्या आठवड्यात कुठल्या कमिटीवर चिडलात?” लगेच गोष्ट सुरू झाली. एका सोसायटीने पार्किंगमधल्या कॉलमची भेग पुट्टीने बुजवून वर रंग दिला होता आणि पावसाळ्यानंतर ती त्याच जागी, त्याच रेषेत परत आली होती. मी विचारलं, “पाहताक्षणी कसं कळलं?” ते थांबले. काकूंच्या कागदावर इथे तीन टिंबं आहेत. मग म्हणाले, “प्लास्टरची भेग जाळ्यासारखी असते, कुठेही पळते. कॉलमवर उभी, सरळ, सळईच्या रेषेत भेग असेल, तर बहुधा आत सळई गंजतेय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. हातोडीने ठोकलं की पोकळ वाजतं. पण ठोकून सळई किती उरली ते कळत नाही, त्यासाठी उघडूनच बघावं लागतं.”

सव्वीस मिनिटांच्या त्या मुलाखतीचे साधारण तीन हजार शब्द झाले. आठ स्लाइडवर जेमतेम दीडशे मावतात. मोठा समास सोडून छापलेल्या कागदावर मी तीन पेन्सिली घेऊन बसते. तज्ज्ञाने डोळ्यांनी पाहिलेलं ते निळ्याने, तो जिथे चिडला ते हिरव्याने, आणि ‘बहुधा’, ‘कॉलमवर’, ‘पण त्यासाठी’ असल्या अटी लालने. हिरव्यातून पहिली स्लाइड निघते आणि ती नेहमी त्याच्या ग्राहकाच्या तोंडची असते. इथे ती होती, ‘साहेब, रंग दिला की भागेल ना?’ मधल्या स्लाइड निळ्यातून येतात, एका स्लाइडवर एकच दृश्य, एका श्वासात वाचता येईल एवढंच. लाल स्वतंत्र स्लाइडवर कधीच जात नाही, ज्या वाक्याला ती अट आहे त्यालाच चिकटून राहते.

हा लालचा नियम फार महागात शिकलो. २०२१ मध्ये आमच्याकडच्या लेखकाने याच विषयाचं दुसरं कॅरोसेल केलं आणि स्लाइडवर लिहिलं, ‘सरळ भेग म्हणजे इमारत धोक्यात.’ ‘कॉलमवर’ गेलं, ‘सळईच्या रेषेत’ गेलं, ‘बहुधा’ गेलं. वाक्य सुटसुटीत झालं आणि खोटं झालं. मी ते तपासलं नाही, ती चूक माझी. भिंत आणि बीम यांच्या सांध्यात सरळ भेग पडलेली कितीतरी घरं असतात आणि ती बहुतेक वेळा साध्या जोडाची असते. दोन दिवसांत इंजिनिअर साहेबांना घाबरलेल्या लोकांचे फोन, आणि त्यांच्याच क्षेत्रातल्या ज्येष्ठांचे टोमणे. नाव त्यांचं होतं, आमचं कुठेच नव्हतं. आम्ही पोस्ट काढली, पण त्यांनी काम थांबवलं.

त्याच महिन्यात तो लेखक सोडून गेला. आमच्याकडे दोन वर्षं शिकलेला. त्याने आमच्याच ग्राहकांना कळवलं की मुलाखतीत तज्ज्ञांचा वेळ घालवायची गरज नाही, दहा प्रश्नांचा फॉर्म भरा, अर्ध्या दरात महिन्याला बारा कॅरोसेल देतो. आमच्या अकरा ग्राहकांपैकी सात गेले. खोलीचं भाडं तीन महिने थकलं. काकूंनी पगार घेतला नाही, उलट वीजबिल भरलं. ज्या कामातली चूक त्याची होती, त्याच कामाचे नमुने दाखवून त्याने ग्राहक मिळवले, हे मी अजून विसरलेले नाही.

पण फॉर्मचं काय होतं ते आम्हाला माहीत होतं. माणूस लिहायला बसला की अहवालाची भाषा येते. साहेबांनीही त्याचा फॉर्म भरून पाहिला. सात महिन्यांनी ते स्वतः आमच्याकडे आले, मोबाइलवर त्या पोस्ट दाखवल्या. ‘सदर संरचनेतील आरसीसी घटकांचे क्षरण’ असं पहिल्याच स्लाइडवर. म्हणाले, “शब्द माझेच आहेत, पण मी असा बोलत नाही. आमच्या वॉचमनलाही कळलं की हे मी नाही.”

तेव्हापासून आम्ही प्रत्येक स्लाइडच्या मसुद्यापुढे रेकॉर्डिंगची वेळ लिहितो, मिनिट आणि सेकंद. ज्या वाक्यापुढे वेळ लिहिता येत नाही ते आमचं असतं, तज्ज्ञाचं नसतं, आणि ते काढलं जातं. मंजुरीसाठी पीडीएफ पाठवून ‘बघून कळवा’ म्हणणंही बंद केलं. गडबडीतला माणूस न उघडताच अंगठा दाखवतो, २०२१ ला तेच झालं होतं. आता मी फोन करून आठही स्लाइड वाचून दाखवते, चार मिनिटं लागतात. ते नुसतं ‘हं’ म्हणाले तर वाक्य राहतं. तेच वाक्य त्यांनी जरा वेगळ्या शब्दांत परत म्हटलं तर त्यांचे शब्द घेते, कारण नकार बहुतेक जण असाच देतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी दुसरा रेकॉर्डर घ्यावा आणि त्यातले सेल प्रत्येक मुलाखतीला नवे घालावेत. आणि ग्राहकाचे शब्द वहीत टिपून ठेवावेत. आमच्या साहेबांच्या पानावर ‘ढकलतो’, ‘पोकळ वाजतं’, ‘उघडूनच बघा’ आहे. ‘क्षरण’वर काट आहे.

गेल्या महिन्यात भेगांचं ते कॅरोसेल आम्ही नव्याने केलं. वाचून दाखवताना सहाव्या स्लाइडला साहेबांनी थांबवलं आणि म्हणाले, “इथे ‘बहुधा’ राहिलं.” मी कागद पाहिला. १४ मिनिटं २० सेकंदांवर लाल खूण होती, टाइप करताना सुटली होती. काकू शेजारी बसल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे तो शब्द घातला.