दिवे घाट, वारी आणि मोबाईलमधला वायुदाब

माऊलींच्या पालखीसोबत पुण्याहून सासवडला चालत गेलात की दिवे घाट चुकत नाही. एकादशीचा दिवस, पोटात साबुदाणा नि शेंगदाणे, हडपसर सोडून वडकीपर्यंत येतायेता पाय बोलायला लागलेले असतात आणि मग समोर ती वळणावळणाची भिंत दिसते. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, टाळांचा आवाज वाढतो, नि चार-एक किलोमीटर नुसतं चढत राहायचं. मी शिकवतो फिजिक्स, त्यामुळे यंदा खिशात एक चाळा होता. माझ्या फोनमध्ये वायुदाबाचा सेन्सर आहे (सगळ्या फोनमध्ये नसतो), तो हेक्टोपास्कलमध्ये दाब दाखवतो, म्हणजे आपला जुना मिलिबारच.

घाटाच्या पायथ्याशी चढायला सुरुवात केली तेव्हा 936, आणि वर पठारावर पोचलो तेव्हा 917. एकोणीसचा फरक. ॲप म्हणतं तुम्ही 664 मीटरवरून 834 मीटरवर आलात, म्हणजे 170 मीटर चढलात. आमच्या दिंडीतले एक काका, रिटायर्ड माणूस, पाय चोळत बसले होते, म्हणाले "माऊली, त्या फोनला उंची कशी कळते हो, दोरी लावून मोजतो का?"

दोरी नाही, वजन मोजतो. आपल्या डोक्यावर हवेचा ढीग आहे, ट्रकवर वळकट्या रचतात तसा, आणि सगळ्यात खालच्या वळकटीवर वरच्या सगळ्यांचा भार. वर चढलो की जेवढी हवा खाली राहिली तेवढा भार कमी. पण किती कमी हे त्या मधल्या हवेच्या घनतेवर, आणि घनता तापमानावर. त्याच दाबाला गार हवा दाट, गरम हवा विरळ. आता वर जाताना तापमान एकसारखं राहत नाही, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरतं, सरळ रेषेत उतरतं असं धरलं की गणित सुटतं. छोट्या थरात दाबाची घट म्हणजे घनता गुणिले g गुणिले थराची जाडी, घनतेच्या जागी दाब भागिले RT, इथे R हा हवेचा वायू-स्थिरांक नि T तापमान, आणि T च्या जागी T0 − L·h टाकायचं, म्हणजे समुद्रसपाटीचं तापमान T0 वजा दर मीटरची घट L गुणिले उंची h. बेरीज केली, समुद्रसपाटीच्या दाबाला P0 म्हटलं, की घातांकाचं सूत्र मिळतं:

P = P0 × (1 − L·h/T0)^5.26

तो 5.26 आकाशातून पडलेला नाही. g भागिले R गुणिले L, म्हणजे 9.81 ला 287 × 0.0065 ने भागा, येतोच. तापमान इथे केल्विनमध्ये, हे विसरलं की सगळं फसतं. आणि तापमान उतरतच नाही असं धरलं असतं तर सूत्र वेगळं आलं असतं, e च्या घातांकाचं.

काका म्हणाले, "मग तो साडेसहा बदलला तर काय होतं?" दिवे घाटात? काहीच होत नाही. 170 मीटरमध्ये तापमान जेमतेम एक-सव्वा अंश उतरतं, वर गेल्यावर जो गारवा वाटतो तो जास्त करून वाऱ्याचा. दोन्ही सूत्रं इथे जवळपास तेच उत्तर देतात. काका केदारनाथला जाऊन आलेले, तर त्याचं गणित तिथेच वहीत मांडलं. उंची 3583 मीटर, समुद्रसपाटीला दाब 1000 आणि तापमान 30 अंश, म्हणजे 303 केल्विन, असं धरलं. वरच्या सूत्राने दाब येतो 657 च्या आसपास. तापमान वरपर्यंत 30 च राहिलं असं धरलं तर 667. दहाचा फरक, त्या उंचीला हा सव्वाशे-दीडशे मीटरचा घोळ आहे. कारण खरी हवा वर गार होत जाते, गार म्हणजे दाट, म्हणून प्रत्येक मीटरला जास्त वजन खाली राहतं आणि दाब लवकर पडतो. काकांना तिथे दम लागला तो दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही खाली गेल्याचा.

बरं परत घाटात. खरी गंमत ॲपच्या त्या 170 मध्ये आहे. ॲप गृहीत धरतं की समुद्रसपाटीला दाब 1013.25 आणि तापमान 15 अंश. आता आषाढीच्या तोंडावर महाराष्ट्रात 15 अंश कुठे आलं, आणि पावसाळ्याच्या कमी दाबाने त्या दिवशी समुद्रसपाटीचा दाब अंदाजे 1004. म्हणून पायथा 664 दाखवला, मी 1004 आणि साडेअठ्ठावीस अंश घालून काढला तर 615 आला. पन्नास मीटरची चूक, पण ती मला फारशी महत्त्वाची वाटत नाही, कारण ती खाली-वर दोन्हीकडे जवळपास सारखीच असते नि वजाबाकीत उडून जाते. तापमानाची चूक मात्र उडत नाही. आमची हवा ॲपच्या हवेपेक्षा चौदा-एक अंशांनी गरम, म्हणजे विरळ, म्हणजे एक हेक्टोपास्कल कमी व्हायला नऊ नाही तर जवळजवळ साडेनऊ मीटर चढावं लागतं. त्या हिशोबाने 19 चे 178 मीटर होतात. ॲप सुमारे पाच टक्के कमी सांगतं.

मग खरं 178 का? तेही नाही. जेवण करून पायथ्याशी रथाची वाट बघत बसलो होतो तेव्हा एकच्या सुमाराला फोन 937 दाखवत होता आणि अडीचला 936, आणि मी तर घोंगडीवरून हललोही नव्हतो. आपल्या भागात वायुदाबाला रोजची भरती-ओहोटी असते, सकाळी दहाला आणि रात्री दहाला वर, दुपारी चार आणि पहाटे चारला खाली, दोन-तीन हेक्टोपास्कलचा खेळ. घाट आम्ही चढलो नेमके दुपारच्या उतरणीत, सव्वाचारला वर पोचलो, तेव्हा 19 मधला साधारण एक उंचीचा नाही तर घड्याळाचा. तो वजा केला की 18 × 9.4, म्हणजे 169 मीटर. म्हणजे ॲपचं 170 बरोबरच निघालं, पण दोन चुका एकमेकींना खाऊन! सकाळी सातला चढलो असतो तर दाब आपणहून वाढत असता, दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या असत्या आणि ॲपने जेमतेम एकशे पन्नास-बावन्न दाखवले असते.

वेळेची चूक पकडायला एक जण खाली फोन घेऊन थांबलेला पाहिजे, दोन्ही आकडे एकाच मिनिटाचे लागतात. वारीत कोण थांबणार, सगळे पुढे. त्यापेक्षा सोपं म्हणजे रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. जेजुरीला पोचल्यावर गड उरकून मी स्टेशनावर गेलो, पाटीखाली उभं राहून ॲपमधला समुद्रसपाटीचा दाब उंची जुळेपर्यंत खाली आणला. पुढे थोडा वेळ तेवढं पुरतं, घड्याळाचा खेळ चालूच असतो, म्हणून वाल्ह्याला किंवा संध्याकाळी पाऊस आला की परत जुळवायचं.